नऊशे चाळीसचा फराळ आठशेला

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांनी काउंटरवरून माझ्यापुढं एक कागद सरकवला. साताऱ्यात त्यांचं मिठाईचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. कंदी पेढ्यासाठी बाहेरगावचे लोक थांबतात, गावातले लोक फरसाणासाठी येतात. कागदावर अण्णांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं : ‘दिवाळी धमाका! 15 टक्क्यांपर्यंत सूट! घाई करा! ऑफर मर्यादित! अटी लागू.’ एवढ्यावरून मी एक चाळीस सेकंदांचा व्हिडिओ लिहून द्यायचा होता. दसऱ्याला तो लोकांच्या फोनवर जायला हवा होता.

दुकानांच्या जाहिराती लिहायचं काम मी अकरा वर्षं करते आहे. असा कागद हातात आला की मी आधी त्यातलं मिठाईचं नाव शोधते. या कागदावर ते कुठंच नव्हतं. हेच शब्द साडीच्या दुकानाला लागले असते, फ्रिजच्या दुकानालाही लागले असते. मी अण्णांना तीन गोष्टी विचारल्या. सूट कशावर? कधीपर्यंत? आणि त्या तारखेनंतर का नाही?

पहिल्याचं उत्तर लगेच आलं. फराळाचा एक डबा करायचा, सहा जिन्नसांचा, त्यावर. दुसऱ्याचं उत्तर होतं, ‘‘लिहा की दिवाळीपर्यंत.’’ तिसऱ्या प्रश्नावर अण्णा थोडे थांबले आणि म्हणाले, ‘‘घाई केल्याशिवाय लोक येत नाहीत, ताई.’’ हे कारण दुकानदाराचं होतं. गिऱ्हाइकाच्या बाजूनं त्यात काहीच नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, मला कारखान्यात नेऊन दाखवा.

कारखाना म्हणजे दुकानामागची लांब खोली. एका बाजूला मोठ्या शेगड्या, एकीवर चकलीची कढई, दुसरीवर बेसन भाजणं चाललेलं. खिडकीखाली सतरंजीवर सहा बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या. दिवाळीच्या फराळाला अजून वेळ होता, पण आधीच्या एका ऑर्डरची करंजी चालू होती. मधे बसलेल्या मावशींचे हात मी बराच वेळ बघत राहिले. पुरीच्या मधोमध चमचाभर सारण, कडेला बोटानं दूध फिरवायचं, घडी घालून कडा दाबायच्या आणि मग मुरड. अंगठा आणि तर्जनी कडेवरून अशी सरकत जात होती की मागं दोरीचा पीळ उमटावा तसा नक्षीदार काठ तयार होत होता. बाकीच्या बायकाही तशीच मुरड घालत होत्या. मुरड नीट जमली नाही तर तळताना करंजी उकलते, सारण तेलात उतरतं आणि सगळा घाणा काळा पडतो, हे मावशींनी हात न थांबवता सांगितलं.

मी विचारलं, ‘‘तासाला किती होतात?’’

‘‘चाळीस. फार तर पंचेचाळीस. हात दोनच हायत की.’’

मला हवं होतं ते इथं सापडलं. मी तिथंच उभ्यानं हिशेब मांडला. सहा बायका, तासाला चाळीस, दिवसाला सात तास. म्हणजे रोजच्या सोळाशे ऐंशी करंज्या. पाव किलोत आठ बसतात. यातल्या निम्म्या काउंटरला आणि नेहमीच्या ऑर्डरींना जातात. उरलेल्यांत दिवसाला शंभर डबे भरता येतील, वर थोड्या फुटक्या-उकललेल्यांना जागा. लाडू, शेव, चिवडा यांना अशी अडचण नव्हती; कढई मोठी केली की ते वाढतात. डब्यांची संख्या ठरत होती ती फक्त करंजीवर.

मग तारखा लावल्या. 2025 ची वसुबारस 17 ऑक्टोबरला, शुक्रवारी होती. डबे 14 ते 17 या चार दिवसांत लोकांनी न्यायचे. करंजी ताजी द्यायची तर ती 11 तारखेपासून करायला घ्यायची, 16 पर्यंत. सहा दिवस, शंभराप्रमाणे सहाशे डबे. तूप, सुकं खोबरं, हरभऱ्याची डाळ किती आणायची हे 10 तारखेच्या रात्री पक्कं व्हायला हवं. म्हणजे ‘10 ऑक्टोबरपर्यंत’ आणि ‘600 डबे’ या दोन्ही गोष्टी स्वयंपाकघरातून आल्या. त्या मी रचल्या नव्हत्या, अण्णांनीही नाही.

मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं, त्याला एक जुनं दुखणं कारण आहे. 2022 च्या दिवाळीत दुसऱ्या एका गावातल्या दुकानासाठी मी लिहिलं होतं, ‘मिठाईवर 30 टक्क्यांपर्यंत सूट’. पडद्यावर काजुकतली होती, चांदीचा वर्ख लावलेली, कारण ती दिसायला सुरेख. तीस टक्के सूट मात्र एकाच बर्फीवर होती. बाकी सगळ्यावर पाच. खाली बारीक अक्षरांत ते लिहिलं होतं, दोन सेकंद. त्या धनत्रयोदशीला मी दुकानात उभी होते. एक वयस्क जोडपं खेड्यावरून आलं होतं. आजोबांनी धोतराच्या सोग्यातून फोन काढला, व्हिडिओ लावला आणि काजुकतलीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘ही एक किलो द्या, तीस टक्केवाली.’’ काउंटरवरच्या मुलानं सांगितलं तसं आजींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ द्या, चला.’’ भांडण झालं नाही, आवाज वाढला नाही. ती दोघं पायऱ्या उतरून गेली. ‘पर्यंत’ हा शब्द मी लिहिला होता. त्या दिवसापासून मी तो कुठल्याही भावापुढं लावलेला नाही.

कायद्यानंही आता हे बरंच आवळलं आहे. जून 2022 मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. जी अट सांगायची ती दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टायपात असावी, दावा आवाजातून होत असेल तर अट त्याच वेळी पडद्यावर असावी, असं त्यात आहे. माल थोडा असेल तर तसं सांगायचं आणि मागणीला पुरेल असा वाजवी साठा नसताना केवळ लोकांना खेचायला भाव दाखवायचा नाही, हेही आहे. नोव्हेंबर 2023 च्या दुसऱ्या सूचनांत खोटी घाई दाखवणं हा ग्राहकाला फसवायच्या प्रकारांतलाच एक प्रकार धरला आहे. मराठी व्हिडिओखाली इंग्रजीत बारीक अटी टाकायची आपल्याकडं सर्रास सवय आहे. मी अण्णांना म्हटलं, ‘अटी लागू’ हे शब्दच नकोत. ज्या अटी आहेत त्या सगळ्या सांगून टाकू. चाळीस सेकंदांत मावत नसतील तर अटी कमी करू.

मग आलो भावावर, आणि यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

डब्यात काय किती, ते आधी ठरवलं. बेसनाचा लाडू आणि पातळ पोह्यांचा चिवडा अर्धा-अर्धा किलो. चकली, शेव, शंकरपाळी आणि करंजी पाव-पाव किलो. सगळं मिळून दोन किलो. काउंटरच्या भावानं लाडवाचे 320, चिवड्याचे 180, चकलीचे 120, शेवेचे 80, शंकरपाळीचे 90 आणि करंजीचे 150. बेरीज 940. पंधरा टक्के कमी केले तर बरोबर 799 येतात. अण्णा खूश झाले. सातशे नव्व्याण्णव हा आकडा बाजारात सगळ्यांना आवडतो.

मी त्यांना तो मोठ्यानं म्हणायला सांगितला. ‘‘सातशे नव्व्याण्णव.’’ पुन्हा म्हणा, जरा भरभर. दुसऱ्या वेळी ‘नव्व्याण्णव’ आणि ‘अठ्ठ्याण्णव’ यांतला फरक ऐकू येईना. छापील कागदावर 799 छान दिसतो, पण फोनच्या छोट्या स्पीकरमधून, मागं कढईचा आवाज असताना, तो कानात नुसता घरंगळतो. ‘आठशे’ मात्र एकदा ऐकला की राहतो. शिवाय काउंटरवर एक रुपया परत द्यायची कटकट नाही. ‘‘एका रुपयासाठी ऐकणाऱ्याला दोनदा विचारायला लावू नका,’’ मी म्हटलं. अण्णांनी पेन घेतलं आणि 800 लिहिलं. तिथंच वाक्यही सापडलं : नऊशे चाळीसचा फराळ आठशेला. हे वाक्य जिभेवर आपोआप बसतं, कारण आपण बाजारात असंच बोलतो. शंभरची भाजी ऐंशीला दिली, असं.

पण 800 झाल्याबरोबर ‘15 टक्के’ म्हणता येईना. 940 मधून 140 गेले की टक्केवारी पंधराला किंचित कमी पडते. अण्णा म्हणाले, कोण मोजतंय? मोजणारा एखादा असतोच, आणि तो दुकानात येऊन चारचौघांत मोजतो. पण खरं सांगायचं तर मला टक्का नकोच होता. टक्का ऐकला की माणसाला मनातल्या मनात गणित करावं लागतं, आणि तो गणित करतो तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं. एकशे चाळीस रुपये वाचले, हे सरळ पोहोचतं.

याच सुमाराला आणखी एक पेच आला. 22 सप्टेंबर 2025 पासून पाकीटबंद नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. अण्णांच्या डब्यातला चिवडा, चकली, शेव लेबल लावलेल्या पाकिटांतच जायचे होते. त्यामुळं त्यांचे भाव उतरले. 940 ही बेरीज नव्या भावांची आहे. जुन्या भावानं तीच 965 होत होती. अण्णांच्या हिशेबनिसांनी सुचवलं की 965 चा फराळ 800 ला असं म्हणा, 165 वाचल्याचं दिसेल. सूचना वाईट हेतूनं नव्हती. कालपरवापर्यंत तोच भाव होता. पण ऑक्टोबरमध्ये जो माणूस दुकानात येऊन तेच सहा जिन्नस सुटे घेईल, त्याला 940 च पडणार. तुलना त्याच दिवशीच्या भावाशी करायची, नाहीतर सरकारनं कमी केलेला कर आपण आपली सूट म्हणून विकतो. यावर अण्णांनी वाद घातला नाही. म्हणाले, ‘‘बरोबर आहे. तो कमी झालेला पैसा गिऱ्हाइकाचाच.’’

वजनाचं वाक्य मात्र त्यांनी स्वतःहून आणलं. आम्ही रिकामा पुठ्ठ्याचा डबा काट्यावर ठेवला तर तो झाकणासकट दोनशे ग्रॅमच्या जवळ गेला. डब्यासकट वजन करून मिठाईच्या भावात पुठ्ठा विकायची तक्रार लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत. वजनमापाच्या नियमांत निव्वळ वजन म्हणजे वेष्टण सोडून आतल्या मालाचं वजन. अण्णा म्हणाले, ‘‘हे आपण पाळतोच. मग सांगू या की.’’ म्हणून ‘दोन किलो, डब्याचं वजन सोडून’ हे पाच शब्द स्क्रिप्टमध्ये गेले. चाळीस सेकंदांत पाच शब्द म्हणजे जवळजवळ अडीच सेकंद. मराठीत निवांत बोललं तर सेकंदाला दोनच्या थोडं वर शब्द जातात. चाळीस सेकंदांना पंचाऐंशी-नव्वद शब्द, त्याहून जास्त घातले की बोलणारा धापा टाकतो आणि आपुलकी तिथंच संपते. तरी त्या पाच शब्दांना मी जागा दिली, कारण विश्वास बसेल असं दुसरं काहीही एवढ्या थोडक्यात सांगता येत नाही.

आवाजातले किती आकडे ऐकणाऱ्यानं लक्षात ठेवावेत याचा माझा नेम आहे. भावाचे दोन आणि तारखेचा एक, एवढे तीन कान धरून ठेवतो. वजन हे आकड्यासारखं नाही तर वस्तूसारखं ऐकू येतं, म्हणून ते चालतं. आगाऊ रक्कम 200, न्यायच्या तारखा, घरपोच हवं तर वेगळे पैसे, फोन नंबर हे सगळं पडद्यावर. त्यातही जागा बघावी लागते. फोनवरच्या उभ्या व्हिडिओत खालच्या पट्टीवर दुकानाचं नाव आणि कॅप्शन चढतं, उजव्या कडेला बटणं येतात. मागं एकदा मी भाव अगदी तळाशी ठेवला होता आणि तो कॅप्शनमागं अर्धा झाकला गेला. आता भाव पडद्याच्या मधल्या भागात, डाव्या बाजूला, आणि किमान चार सेकंद स्थिर. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून आवाज नसतानाही भाव, वजन आणि तारीख एवढं कळलंच पाहिजे.

आणखी एक सवय सांगते. मी ‘आज’, ‘उद्या’, ‘या रविवारी’ हे शब्द लिहीत नाही. व्हिडिओ आपल्या हातून सुटला की एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत राहतो. आत्याकडून वहिनीकडं, वहिनीकडून तिच्या भिशीच्या ग्रुपवर. ‘उद्या शेवटचा दिवस’ हे वाक्य तिथं आठवडाभर रोज खरं वाटत राहतं. नुसती तारीखही पुरत नाही. वर्षही लिहायचं, नाहीतर पुढच्या दसऱ्याला कोणीतरी तोच व्हिडिओ घेऊन दारात उभं राहतं. म्हणून पडद्यावर ‘10 ऑक्टोबर 2025 पर्यंत’.

हे सगळं ठरल्यावर लिहायला एक दुपार लागली. पहिल्या खर्ड्यात मी ‘आपुलकीची चव’ लिहिलं होतं, ‘आईच्या हातची आठवण’ही लिहिलं होतं. सायंकाळी वाचताना दोन्ही खोडली. आपुलकी हा शब्द उच्चारून आपुलकी येत नाही. ‘घरगुती’ही काढला, कारण फराळ कारखान्यात होतो, मोठ्या शेगडीवर, आणि त्यात लपवायचं काही नाही. हातानं घातलेली मुरड ही खरी गोष्ट आमच्याजवळ होती, आणि डबे सहाशेच का याचं कारणही तीच होती. ऊब एका वाक्यात आणि घाई दुसऱ्या वाक्यात अशी वाटणी करायची गरजच उरली नाही. मावशी बोलल्या की दोन्ही होत होतं.

शेवटी ठरलेली स्क्रिप्ट अशी :

(पोळपाटावर करंजी, मुरड घालणारी बोटं. मागं कोणतंही गाणं नाही, तळणीचा आवाज.)

मावशी : करंजीला मुरड आम्ही हातानंच घालतो. तासाला चाळीस होतात.

(अण्णा डबा उघडतात. एकेक जिन्नस जवळून.)

अण्णा : दिवाळीच्या डब्यात हीच करंजी, तुपातले बेसन लाडू, चिवडा, चकली, शेव, शंकरपाळी. दोन किलो, डब्याचं वजन सोडून.

(पडद्यावर : सुटं 940 रुपये. डबा 800 रुपये. सर्व करांसह. निव्वळ 2 किलो.)

अण्णा : सुटं घेतलंत तर नऊशे चाळीस. आधी सांगितलंत तर अख्खा डबा आठशेला. कर त्यातच आला.

(पडद्यावर : नोंदणी 10 ऑक्टोबर 2025 पर्यंत. फक्त 600 डबे. आगाऊ 200 रुपये. डबा 14 ते 17 ऑक्टोबरला न्यावा. घरपोच हवा तर खर्च वेगळा. फोन नंबर.)

अण्णा : नोंदणी दहा ऑक्टोबरपर्यंत. डबे सहाशेच करतोय, कारण मुरड घालणारे हात एवढेच आहेत.

मावशी : वसुबारसेला दिवा लावायच्या आत डबा घरात असू द्या.

‘अख्खा’ हा शब्द पहिल्या खर्ड्यात नव्हता. तो आला माझ्या सासूबाईंमुळं. शूटिंगच्या आधी मी स्वयंपाकघरात त्यांना स्क्रिप्ट एकदाच वाचून दाखवली आणि लगेच विचारलं : कितीला, किती वजन, कधीपर्यंत? वजन आणि तारीख त्यांनी बरोबर सांगितली. भावाला म्हणाल्या, ‘‘आठशे. पण किलोला का डब्याला?’’ मिठाईचा भाव ऐकला की आपल्या डोक्यात किलो येतो, वर्षानुवर्षं तसाच ऐकला आहे. त्या प्रश्नानं ‘अख्खा डबा’ आला. अशी एक तरी व्यक्ती, जिनं कागद पाहिलेला नाही, तिच्याकडून या तीन प्रश्नांची उत्तरं वदवून घेतल्याशिवाय मी स्क्रिप्ट देत नाही.

शूटिंग 25 सप्टेंबरला झालं. अण्णांचे सात टेक लागले, कारण कॅमेरा सुरू झाला की ते ‘आपल्या सेवेत सादर करीत आहोत’ असं बोलायला लागत. शेवटी मी त्यांना काउंटरमागं उभं केलं, स्वतः पुढं गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले आणि विचारलं, ‘‘डबा कसा दिला?’’ पुढचं सगळं एका दमात आलं. मावशींना दुसऱ्या टेकची गरजच पडली नाही.

2 ऑक्टोबरला, दसऱ्याला, व्हिडिओ गेला. पहिल्या चार दिवसांत अडीचशे नोंदण्या झाल्या. कोजागिरीनंतर, म्हणजे 6 तारखेनंतर, वेग इतका वाढला की 8 तारखेच्या रात्री वही सहाशेवर आली. अण्णांनी फोन करून आनंदानं सांगितलं, आणि मला ऐकताऐकताच कळलं की आपण एक गोष्ट चुकलो आहोत. व्हिडिओत दोन हद्दी होत्या, 10 तारीख आणि 600 डबे. यातली आधी येईल ती लागू, हे कुठंच म्हटलेलं नव्हतं. मला ते उघड वाटलं होतं. ऐकणाऱ्यानं फक्त तारीख लक्षात ठेवली होती, आणि ते स्वाभाविक होतं. तारीख अण्णांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली होती.

9 तारखेला सकाळी मी दुकानात गेले. आम्ही रात्रीच मूळ व्हिडिओ काढून ‘नोंदणी पूर्ण’ अशी पाटी टाकली होती, पण पुढं पाठवलेल्या व्हिडिओंना ती कशी लागणार? दुपारपर्यंत अठ्ठावीस जण येऊन गेले किंवा फोन करून गेले. कोरेगावहून एसटीनं आलेले एक गृहस्थ होते, मुलगी बंगळुरात, तिच्याकडं डबा न्यायचा होता. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘आज नऊच आहे ना तारीख?’’

अण्णांनी त्या अठ्ठावीस जणांची नावं वेगळ्या पानावर लिहून घेतली होती. दुपारी ते पान घेऊन आम्ही आत गेलो. मावशींनी पान घेतलं नाही, आकडा विचारला. अठ्ठावीस डबे, डब्याला आठ. दोनशे चोवीस करंज्या. ‘‘सहा जणींचा एक तास,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एक दिवस तासभर जास्त बसू.’’ त्या तासाचे पैसे अण्णांनी दीडपट लावले आणि अठ्ठावीस जणांना फोन करायला मुलाला बसवलं. त्यापुढं मात्र नाही, असंही ठरलं, कारण एकोणतिसाव्याला हो म्हटलं की मग थांबता येत नाही, तासाचे दोन होतात आणि मुरडीवरचं लक्ष ढळतं.

मी संध्याकाळी पुन्हा फोनचा स्टँड घेऊन कारखान्यात गेले. भाऊबीजेसाठी छोट्या डब्याची नोंदणी त्याच रात्री उघडायची होती, करंजीशिवायचा, 23 तारखेच्या आधी न्यायचा. त्याचा वेगळा व्हिडिओ करायचा होता. मावशी तेव्हा पुऱ्या लाटत होत्या, कोपरापर्यंत मैदा. मी कागदावर एकच नवं वाक्य लिहून आणलं होतं. त्यांनी ते वाचलं नाही, मला वाचून दाखवायला सांगितलं, मनात एकदा घोळवलं आणि कॅमेऱ्याकडं न बघता, पुरी उलटताना म्हणाल्या, ‘‘तारीख अठरा हाय, पण डबे त्याआधी संपले तर तिथंच थांबू. म्हणून यायच्या आधी फोन करा, फेरी फुकट जाऊ देऊ नका.’’

कागदावर ‘फेरी फुकट जाऊ देऊ नका’ नव्हतं. मी ते तसंच ठेवलं.